गुण सारखे, गोल जास्त, तरी नंबर दुसरा! परदेशी फुटबॉलचा गुणतक्ता वाचायचा कसा?

सोशल मीडियावर परदेशी फुटबॉलच्या गुणतक्त्यांचे फोटो सारखे फिरत असतात. कुणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेलं असतं, तिथल्या क्लबच्या भिंतीवरचा फलक मोबाईलमध्ये टिपतं आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकतं. असा फोटो फिरत फिरत साताऱ्यातल्या खंडाळ्यात पोहोचला (लोणावळ्याजवळचा नव्हे, पुण्याहून जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडचा खंडाळा), तर त्याखाली पहिली कमेंट काय येईल हे सांगायला नको: "हे फेक आहे. आकडेच चुकलेत."

असं वाटायला कारणही असतं. समजा फोटोत ह्या दोन ओळी आहेत:

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | खाल्लेले गोल | फरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १. रियाल माद्रिद | ३८ | २३ | ७ | ८ | ६६ | ४० | +२६ | ७६ |
| २. बार्सिलोना | ३८ | २२ | १० | ६ | ७८ | ३३ | +४५ | ७६ |

गुण दोघांचे ७६. बार्सिलोनाने गोल जास्त केले, खाल्ले कमी, सामनेही कमी हरले. तरी पहिला नंबर माद्रिदचा. आयपीएल बघून तयार झालेल्या डोळ्यांना हे खटकतंच, कारण तिथे सारखे गुण झाले की नेट रनरेट बघतात. इथे तर फरकाच्या रकान्यात बार्सिलोना कितीतरी पुढे आहे.

पण हा तक्ता खरा आहे. स्पेनच्या ला लीगाचा २००६-०७ चा मोसम असाच संपला आणि विजेता माद्रिदच ठरला. गुणतक्त्यात आकडे दिसतात, पण ते आकडे कुठल्या क्रमाने बघायचे हा नियम बहुतेक वेळा त्या फलकावर लिहिलेलाच नसतो. तो दर स्पर्धेत वेगळा असतो, आणि फोटोवरून होणारी बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात.

आधी रकाने ओळखा

परदेशी फलकावर रकान्यांची नावं एक-दोन अक्षरांत असतात. इंग्लंडमध्ये `P` म्हणजे खेळलेले सामने, `W` विजय, `D` बरोबरी, `L` पराभव, `F` किंवा `GF` केलेले गोल, `A` किंवा `GA` खाल्लेले गोल, `GD` गोलफरक आणि `Pts` गुण.

आता हेच ज्ञान घेऊन स्पॅनिश फलक वाचायला गेलात तर फसाल. तिथे `PJ` म्हणजे खेळलेले सामने, `G` म्हणजे जिंकलेले, `E` बरोबरीचे आणि नुसता `P` म्हणजे हरलेले. इंग्रजीतला `P` सामने मोजतो, स्पॅनिशमधला `P` पराभव मोजतो. `N` त्याहून लबाड आहे. जर्मन फलकावर `S`, `U`, `N` असे तीन रकाने येतात, त्यात `U` बरोबरी आणि `N` पराभव. फ्रेंच आणि इटालियन फलकावर मात्र `N` म्हणजे बरोबरी. जर्मन फलकावर गोलांचे दोन वेगळे रकाने न देता ६६:४० असं एकत्र लिहायचीही पद्धत आहे.

ही अक्षरं पाठ करत बसायची गरज नाही. गणित करून रकाने आपोआप ओळखता येतात. ज्या तीन आकड्यांची बेरीज चौथ्याइतकी येते, तो चौथा म्हणजे सामने. बार्सिलोनाच्या ओळीत २२, १० आणि ६ मिळून ३८ होतात, म्हणजे ३८ सामने. उरलेल्या तिघांत विजयाचा रकाना कुठला, हे गुण सांगतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. २२ विजयांचे ६६, १० बरोबरींचे १०, एकूण ७६. जुळलं. बरोबरी आणि पराभवाची अदलाबदल करून बघा: ६६ अधिक ६ म्हणजे ७२, जुळत नाही. त्यामुळे १० हाच बरोबरीचा रकाना, त्यावर अक्षर कुठलंही असो.

फोटो फार जुना असेल तर ३ गुणांचा हिशोब बसणार नाही. पूर्वी विजयाला दोनच गुण मिळायचे. इंग्लंडने १९८१ मध्ये तीन गुण सुरू केले, विश्वचषकात ते १९९४ पासून आले आणि स्पेनमध्ये १९९५-९६ च्या मोसमापासून. तेव्हा विजयांची दुप्पट अधिक बरोबरी केल्यावर गुण जुळत असतील, तर तक्ता खोटा नाही, जुना आहे.

तक्ता खरा आहे का, हे कसं बघायचं?

गोलफरक म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. नेट रनरेटसारखी भागाकाराची भानगड इथे नाही. माद्रिदचे ६६ वजा ४० म्हणजे +२६. फोटोत एखादा आकडा बोटाखाली गेला असेल किंवा फलकावरच्या काचेत ट्यूबलाईट चमकून पुसट झाला असेल, तर तो शेजारच्या दोन आकड्यांवरून काढता येतो.

पूर्ण तक्ता दिसत असेल तर आणखी एक चाचणी आहे आणि ती फार उपयोगाची आहे. एका संघाने केलेला गोल हा दुसऱ्या कुणीतरी खाल्लेलाच असतो. म्हणून सगळ्या संघांचे गोलफरक एकत्र केले की बेरीज शून्यच यायला हवी. तसंच सगळ्यांचे विजय मिळून सगळ्यांच्या पराभवांइतकेच भरायला हवेत, आणि बरोबरीच्या रकान्याची बेरीज सम संख्या यायला हवी, कारण प्रत्येक बरोबरी दोन ओळींत नोंदली जाते. एखाद्याने आपल्या आवडत्या संघाचा आकडा फोटोत बदलला असेल, तर तो ह्या तीनपैकी एका ठिकाणी सहसा सापडतो. फक्त एकाच ओळीत हात घालणाऱ्याला समोरच्या संघाचा आकडा बदलायचं सुचत नाही.

मात्र गुणांचा हिशोब जुळला नाही म्हणून लगेच फेक म्हणू नका. इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या तक्त्यात एव्हर्टनची ओळ बघा: १३ विजय, ९ बरोबरी, १६ पराभव. हिशोबाने गुण ४८ व्हायला हवेत, तक्त्यात आहेत ४०. खर्चाच्या नियमांचा भंग केल्याबद्दल त्यांचे आधी १० गुण कापले, अपिलानंतर ते ६ वर आणले, आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी २ कापले. असे ८ गेले. अशा वेळी संघाच्या नावापुढे एक चांदणी असते आणि तळाला बारीक अक्षरात खुलासा असतो. फोटो काढणारा नेमका तो तळ कापतो.

मग बार्सिलोना दुसरी का?

सारखे गुण झाल्यावर कुणाला वर ठेवायचं, यासाठी जगात दोन मोठे विचार आहेत.

पहिला इंग्लंडचा. तिथे आधी संपूर्ण मोसमाचा गोलफरक बघतात. तोही सारखा असेल तर केलेले गोल. जर्मनीतही गोलफरकच आधी. ह्या पद्धतीत प्रत्येक सामन्यातला प्रत्येक गोल मोजला जातो, शेवटच्या नंबरच्या संघाला मारलेला सहावा गोलसुद्धा.

हे किती बारीक होऊ शकतं, याचं इंग्लंडमधलं गाजलेलं उदाहरण १९८९ चं आहे. २६ मे रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर आर्सेनलचा शेवटचा सामना होता. लिव्हरपूलचे ७६ गुण, आर्सेनलचे ७३. लिव्हरपूलचा गोलफरक +३९, आर्सेनलचा +३५. आर्सेनल नुसतं जिंकलं असतं तर गुण सारखे झाले असते, पण फरकात लिव्हरपूलच पुढे राहिलं असतं. दोन गोलांनी जिंकलं तर फरक दोघांचा +३७, आणि केलेल्या गोलांत आर्सेनल पुढे. त्यांनी २-० असाच सामना जिंकला, दुसरा गोल भरपाई वेळेत. आर्सेनलचे एकूण गोल ७३, लिव्हरपूलचे ६५. विजेतेपद तिसऱ्या कसोटीवर ठरलं.

दुसरा विचार स्पेनचा. त्यांचं म्हणणं, दोघांचे गुण सारखे आहेत ना, मग त्या दोघांत जे सामने झाले ते काढा आणि बघा कोण भारी पडलं. याला हेड-टू-हेड म्हणतात, मराठीत आपसातले सामने म्हणू. लीगमध्ये प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात, एक ह्याच्या मैदानावर, एक त्याच्या. २२ ऑक्टोबर २००६ ला माद्रिदमध्ये रियालने बार्सिलोनाला २-० हरवलं होतं. १० मार्च २००७ ला बार्सिलोनात सामना ३-३ असा सुटला. त्या सामन्यात बार्सिलोनाचे तिन्ही गोल १९ वर्षांच्या लिओनेल मेस्सीचे होते. आपसातल्या ह्या दोन सामन्यांत माद्रिदचे ४ गुण, बार्सिलोनाचा १. इथे विषय संपला. +४५ कडे बघायची वेळच आली नाही.

१७ जून २००७ ला शेवटच्या दिवशी दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. बार्सिलोनाने आपला सामना ५-१ जिंकला. तिकडे माद्रिद आधी ०-१ ने मागे पडलं होतं. तेवढा वेळ विजेतेपद बार्सिलोनाकडे झुकलेलं होतं. मग माद्रिदने ३-१ अशी बाजी फिरवली आणि गुण सारखे झाले. बार्सिलोनाने त्या दिवशी पाचच्या जागी पंधरा गोल केले असते तरी निकाल बदलला नसता. त्यांचं विजेतेपद शेवटच्या दिवशी नाही, आठ महिने आधी ऑक्टोबरमध्ये माद्रिदला झालेल्या पराभवात अडकलेलं होतं. हाच तक्ता इंग्लंडमध्ये लावला असता तर ट्रॉफी बार्सिलोनाची होती.

दोन्हींत न्याय्य कुठला, यावर फुटबॉलवाले कधीच एकमत होणार नाहीत. गोलफरकाची बाजू अशी की ३८ सामन्यांची मेहनत दोन सामन्यांवर का तोलायची? हेड-टू-हेडची बाजू अशी की दुबळ्या संघाला धुऊन काढण्यापेक्षा बरोबरीच्या स्पर्धकाला हरवणं जास्त मोलाचं. नियम मोसम सुरू होण्याआधी सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे तक्रारीला जागा मात्र उरत नाही.

एक बारकावा फोटो बघणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्पेनमध्ये आपसातला हिशोब दोघांचे दोन्ही सामने झाल्यावरच लागू होतो. एकच सामना झालेला असेल तोवर फलकावर गोलफरकानेच क्रम लावतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये काढलेल्या फोटोत बार्सिलोना वर आणि एप्रिलच्या फोटोत तेवढेच गुण असूनही माद्रिद वर, असं होऊ शकतं आणि दोन्ही फोटो खरे असू शकतात. फोटोवर तारीख नसेल तर सामन्यांचा रकाना बघा. तिथे ३८ असेल तर मोसम संपलेला आहे.

आपल्याकडचा प्रसंग: मुंबई आणि गोवा

इतक्या लांब जायचं नसेल तर २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग आठवा. कोरोनामुळे ती सगळी स्पर्धा गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या स्टँडसमोर झाली. साखळी फेरीचा शेवटचा सामना २८ फेब्रुवारी २०२१ ला बांबोळीत होता: मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. सामन्याआधी बागानचे ४० गुण, मुंबईचे ३७. बागानला बरोबरी पुरेशी होती. मुंबईला जिंकावंच लागणार होतं, आणि जिंकूनही गुण सारखेच होणार होते. पणाला लीग शील्ड तर होतीच, शिवाय पहिल्या नंबरवाल्याला आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार उघडत होतं.

मुंबई २-० ने जिंकली. दोघांची ओळ आता हुबेहूब सारखी झाली: १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, ४० गुण. स्पेनच्या पद्धतीने बघा: आधीचा आपसातला सामनाही मुंबईने १-० जिंकला होता, म्हणजे ६ विरुद्ध शून्य. इंग्लंडच्या पद्धतीने बघा: मुंबईचे गोल ३५-१८, फरक +१७. बागानचे २८-१५, फरक +१३. दोन्ही वाटांनी मुंबईच वर.

इथे तक्ता उलटा वाचून एक गंमत काढता येते. शेवटच्या सामन्यातले दोन गोल वजा केले तर आधीची स्थिती मिळते: मुंबई ३३-१८, बागान २८-१३. दोघांचा फरक नेमका +१५. शेवटच्या सामन्याला उतरताना दोघं त्या रकान्यात एकाच रेषेवर उभे होते. गुणतक्त्याचा फोटो आणि एका सामन्याचा निकाल एवढं हातात असेल, तर कालचा तक्ता असा परत उभा करता येतो.

तीन संघ अडकले की छोटा तक्ता

दोघांचा हिशोब सोपा असतो. तिघांचे गुण सारखे झाले की बहुतेकांचा गोंधळ उडतो. "अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, मग?" अशा वेळी नियम असा: त्या तीन संघांच्या आपसातल्या सामन्यांचाच एक छोटा तक्ता बनवायचा, बाकी सगळे सामने बाजूला ठेवायचे. २००४ च्या युरो स्पर्धेतला क गट हे याचं शिकण्याजोगं उदाहरण आहे. शेवटी तक्ता असा झाला:

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले | खाल्लेले | फरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| स्वीडन | ३ | १ | २ | ० | ८ | ३ | +५ | ५ |
| डेन्मार्क | ३ | १ | २ | ० | ४ | २ | +२ | ५ |
| इटली | ३ | १ | २ | ० | ३ | २ | +१ | ५ |
| बल्गेरिया | ३ | ० | ० | ३ | १ | ९ | −८ | ० |

(फरकांची बेरीज करून बघा: पाच, दोन आणि एक मिळून आठ, त्यातून आठ वजा. शून्य.)

पहिले दोन पुढे जाणार होते. तिघांनीही बल्गेरियाला हरवलं होतं. नियमाप्रमाणे आधी बल्गेरियाचे सामने पुसायचे. उरतात तीन, आणि तिन्ही बरोबरीचे: डेन्मार्क-इटली ०-०, इटली-स्वीडन १-१, डेन्मार्क-स्वीडन २-२. छोट्या तक्त्यात तिघांचे गुण दोन-दोन. तिघांचा फरक शून्य. मग बघायचे आपसातल्या सामन्यांत केलेले गोल: स्वीडनचे १ आणि २ मिळून ३, डेन्मार्कचे २, इटलीचा फक्त १. इटली एकही सामना न हरता घरी.

वरवर बघणारा म्हणेल, मोठ्या तक्त्यातही +५, +२, +१ असाच क्रम आहे, मग छोटा तक्ता कशाला? उत्तर शेवटच्या दिवसात आहे. २२ जून २००४ ला दोन सामने एकाच वेळी होते, इटली-बल्गेरिया आणि डेन्मार्क-स्वीडन. इटलीने बल्गेरियाला २-१ हरवलं, विजयी गोल भरपाई वेळेत. समजा त्यांनी ६-० हरवलं असतं, तर मोठ्या तक्त्यात त्यांचा फरक +६ होऊन ते पहिले दिसले असते. पण बल्गेरियाचा सामना छोट्या तक्त्यात येतच नाही, त्यामुळे तरीही ते बाहेरच गेले असते. डेन्मार्क-स्वीडन सामना २-२ किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटला की इटलीच्या हातात काहीच उरत नव्हतं.

हे गणित सामन्याआधीच सगळ्यांना कळलं होतं. इटलीत तर हे दोन शेजारी ठरवून २-२ करणार, अशी बोंब आधीपासून होती. आणि सामना खरंच २-२ सुटला, स्वीडनचा दुसरा गोल ८९व्या मिनिटाला. संगनमताचं काहीही सिद्ध झालं नाही, पण ते दोन आकडे इटलीत अजून विसरलेले नाहीत.

फोटोतल्या तक्त्यावरून हे कळलं असतं का? नाही. तक्त्यात कुणी कुणाला किती गोल मारले ते नसतं. म्हणून हेड-टू-हेडच्या स्पर्धेत नुसता तक्ता अपुरा असतो, शेजारी लावलेली निकालांची यादीही फोटोत हवी.

गोलही सारखे, आपसातला सामनाही बरोबरीत. आता?

२०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात ह गटात जपान आणि सेनेगलच्या ओळी शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या होत्या: १ विजय, १ बरोबरी, १ पराभव, ४ गोल केले, ४ खाल्ले, फरक शून्य, ४ गुण. आपसातला सामना २-२. त्या स्पर्धेचा नियम आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग आपसातले सामने असा होता. सगळे संपले.

त्यापुढची कसोटी होती कार्डांची. पिवळ्या कार्डाला एक गुण वजा, थेट लाल कार्डाला चार वजा. लाल कार्ड दोघांनाही नव्हतं. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. वजा चार विरुद्ध वजा सहा, म्हणून जपान पुढच्या फेरीत. विश्वचषकात कार्डांवर बाहेर पडलेला सेनेगल हा पहिला संघ.

२८ जूनला जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे होता आणि त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर सेनेगल कोलंबियाविरुद्ध ०-१ ने मागे होता. जपानच्या प्रशिक्षकांना हा हिशोब कळत होता. शेवटची सुमारे दहा मिनिटं जपानने गोल करायचा प्रयत्नच सोडला आणि आपल्याच अर्ध्या भागात चेंडू इकडून तिकडे खेळवत बसले. धोका दोन बाजूंनी होता, आणखी एक गोल खाणं किंवा एखादं पिवळं कार्ड घेणं, आणि दोन्ही टाळायचं होतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण तिकडे सेनेगलने एक गोल परत केला असता तर हे सगळं शहाणपण अंगलट आलं असतं.

कार्डंही सारखी निघाली असती तर? मग चिठ्ठी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की चिठ्ठी टाकून निकाल लावतात, तसंच. कोट्यवधी लोक बघतात त्या स्पर्धेच्या नियमातही शेवटची ओळ तीच होती.

कार्डांचा रकाना भिंतीवरच्या फलकावर जवळजवळ कधीच नसतो. म्हणून दोन ओळी अगदी सारख्या दिसत असूनही एक वर आणि एक खाली असेल, तर अक्षरानुक्रमे लावलंय का ते आधी बघा. मोसमाच्या सुरुवातीला, कुणीच खेळलेलं नसताना, नावांच्या क्रमानेच तक्ता लावतात. स्पर्धा संपलेली असेल तर मात्र उत्तर तक्त्याबाहेर शोधावं लागतं.

कुठल्या फोटोला कुठला नियम?

इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्सच्या मुख्य लीगचा फोटो असेल तर गुणांनंतर गोलफरक बघा. स्पेन असेल तर आपसातले सामने. इटलीतही आपसातले सामनेच, पण विजेतेपदासाठीच दोघं अडकले तर २०२२-२३ पासून त्यांच्यात एक जादा सामना खेळवायचा नियम आहे. युरो स्पर्धेच्या गटांत हेड-टू-हेड, २०१८ च्या विश्वचषकात गोलफरक.

युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा फोटो असेल तर साल विचारा. २०२३-२४ पर्यंत चार-चार संघांचे गट होते आणि आपसातले सामने आधी बघायचे. २०२४-२५ पासून ३६ संघांचा एकच मोठा तक्ता असतो आणि प्रत्येक संघ त्यातल्या फक्त आठ जणांशी खेळतो. दोन अडकलेले संघ एकमेकांशी खेळलेलेच नसण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तिथे गोलफरकाशिवाय इलाज नाही.

आणि टीव्हीच्या पडद्याचा फोटो असेल तर कोपऱ्यात `LIVE` लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर तो तक्ता सामना चालू असतानाचा आहे, त्या क्षणाचा स्कोअर शेवटचा धरून केलेला. २००७ च्या त्या जूनमध्ये माद्रिद ०-१ ने मागे असताना कुणी असा फोटो काढला असता, तर त्यात बार्सिलोना पहिली दिसली असती, आणि त्या मिनिटापुरतं ते बरोबरही होतं.